नऊ जणांचे आकडे आणि पी व्हॅल्यूचा आग्रह

*“मी फिजिओथेरपीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गुडघेदुखीच्या रुग्णांना घरी करायचे व्यायाम शिकवून आठवड्यातून एकदा फोनवर पाठपुरावा करायचा, असा सहा आठवड्यांचा पायलट अभ्यास केला. बारा जण आले, नऊ जणांनी पूर्ण केला. तुलनेसाठी दुसरा गट नाही. ‘३० सेकंदांत खुर्चीतून किती वेळा उठता येते’ हे आधी आणि नंतर मोजले. मी फक्त वर्णनात्मक सांख्यिकी लिहिली, तर गाइड सर म्हणतात, ‘पेअर्ड टी-टेस्ट लाव, पी व्हॅल्यूशिवाय एक्स्टर्नल विचारतील की निष्कर्ष काय.’ टेस्ट लावली तर ०.०६ येते. हा विभाग नेमका कसा लिहू? आणि ‘यातून काय सिद्ध होत नाही’ हे लिहिले तर अभ्यासच वाया गेल्यासारखा दिसणार नाही का? शीट सोबत जोडली आहे.” — एक विद्यार्थिनी*

पी व्हॅल्यू काढून टाका. तुमचा वर्णनात्मक विभाग ठेवा, मात्र तो आहे त्यापेक्षा बराच भरीव करा. आत्ताच्या मसुद्यात सरासरी, एसडी आणि “मोठ्या अभ्यासाची गरज आहे” हे एक वाक्य आहे. असा विभाग पाहिला की गाइडला टी-टेस्टची आठवण होणारच, कारण त्यात वाचायला काही नाही. तुमच्या शीटमध्ये मात्र भरपूर आहे, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करू.

अभ्यास पूर्ण केलेल्या नऊ जणांचे आकडे असे आहेत:

| रुग्ण | आधी | नंतर | बदल |
|---|---|---|---|
| १ | ८ | १० | +२ |
| २ | ७ | ९ | +२ |
| ३ | ११ | ११ | ० |
| ४ | ६ | ९ | +३ |
| ५ | ९ | १० | +१ |
| ६ | १० | ९ | −१ |
| ७ | ८ | १७ | +९ |
| ८ | ५ | ७ | +२ |
| ९ | १२ | १३ | +१ |

हा तक्ता जसाच्या तसा प्रबंधात छापा. दोनशे रुग्ण असते तर सगळ्यांचे आकडे छापता आले नसते आणि सरासरीवर भागवावे लागले असते. नऊ जणांसाठी तशी काहीच अडचण नाही. तक्त्याशेजारी एक साधी आकृती द्या: डावीकडे ‘आधी’, उजवीकडे ‘नंतर’ आणि प्रत्येक रुग्णाची एक रेघ. सात रेघा वर जातात, एक सपाट राहते, एक खाली येते आणि त्या सातांतली एक इतरांना सोडून भलतीच उंच जाते. सरासरीच्या दोन खांबांच्या आकृतीत यातले काहीही दिसत नाही, म्हणून ती देऊ नका. मात्र रुग्णाचा क्रमांक, वय, गाव असे सगळे एकत्र छापू नका. नऊ जणांत माणूस चटकन ओळखता येतो. आकडे आणि क्रमांक एवढे पुरे.

आता सातव्या रुग्णाकडे वळू, कारण तुमच्या सगळ्या आकडेमोडीची किल्ली त्याच्याकडे आहे. बदलांची सरासरी २.१ येते आणि एसडी २.८. हा एक रुग्ण बाजूला ठेवला तर सरासरी १.३ आणि एसडी १.३. म्हणजे नऊ जणांच्या गटातला एक माणूस विखुरणे दुपटीहून जास्त वाढवतो. मीडियन मात्र दोन्ही वेळा जवळपास तिथेच राहतो: नऊ जणांचा २, आठ जणांचा १.५. म्हणून मजकुरात मीडियन आणि किमान-कमाल पुढे ठेवा. सरासरी आणि एसडी द्यायचेच असतील तर ते एकाच माणसाने किती हलतात, हेही तिथेच लिहा. मीडियन काढताना एक काळजी घ्या: आधी प्रत्येकाचा बदल काढायचा आणि मग त्या बदलांचा मीडियन. ‘नंतर’च्या मीडियनमधून ‘आधी’चा मीडियन वजा करायचा नाही. तुमच्या बाबतीत दोन्ही रीतींनी २ येतात, पण तो योगायोग आहे.

गाइड सरांसमोर न्यायचा मुद्दा हाच आहे. टी-टेस्टची ०.०६ तुम्ही पाहिलीत. आता सातवा रुग्ण वगळून तीच टेस्ट लावा: पी ०.०३ च्या आसपास येते. म्हणजे सर्वांत जास्त फरक पडलेला रुग्ण काढून टाकला की निकाल ‘सिग्निफिकंट’ होतो! कारण तो माणूस सरासरी जितकी वाढवतो त्याहून जास्त एसडी वाढवतो. मग कुणी म्हणेल, नमुना लहान आहे, विल्कॉक्सन लावा. तीही लावून बघा: सगळे नऊ जण घेऊनही पी ०.०३ च्या आसपासच येते. माणसे तीच, आकडे तेच, आणि ०.०५ च्या रेषेच्या कुठल्या बाजूला उभे राहायचे हे आपण कुठली टेस्ट निवडली आणि कुणाला धरले यावर ठरते. तुमच्या प्रोटोकॉलमध्ये यातले काहीच आधी ठरलेले नव्हते. आकडे हाती आल्यावर निवड केली, तर त्या पी व्हॅल्यूला जो अर्थ असायला हवा तोच उरत नाही. हे तीन निकाल एका कागदावर लिहून सरांना दाखवा. ते स्वतः रुग्ण तपासणारे आहेत, वादापेक्षा हा कागद त्यांना लवकर पटेल. प्रबंधात मात्र हे तिन्ही आकडे टाकू नका, नाहीतर वाचणारा त्यातला सोयीचा उचलेल.

सरांना आधार हवा असेल तर चाचण्यांचे अहवाल कसे लिहावेत हे सांगणाऱ्या कॉन्सॉर्ट मार्गदर्शिकेचा दाखला द्या. पायलट आणि फीजिबिलिटी चाचण्यांसाठीची तिची पुरवणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. पायलटमध्ये उपचाराचा परिणाम टेस्ट लावून सिद्ध करायला जाऊ नये, भर मोठा अभ्यास जमेल का या प्रश्नावर असावा, ही तिची भूमिका आहे. ती पुरवणी रँडमाइज्ड पायलटसाठी लिहिलेली आहे आणि तुमच्याकडे एकच गट आहे, हेही सरांना आधीच सांगा. तुलनेचा गट असलेल्या अभ्यासालाही जी सूट नाही ती एका गटाच्या अभ्यासाला कशी मिळेल, हा पुढचा तर्क सरळ आहे.

सातव्या रुग्णाचा सतरा हा आकडा खरा आहे का, हे मूळ फॉर्म काढून तपासा. या चाचणीत चूक कुठे शिरते हे तुम्हाला माहीत आहेच. हात छातीशी बांधलेले हवेत. हाताचा आधार घेऊन उठले तर ते मोजायचे नाही. तीस सेकंद संपतात तेव्हा माणूस अर्ध्याहून अधिक उठलेला असेल तर ती एक पूर्ण खेप धरतात. खुर्चीची बैठक साधारण ४३ सेंटिमीटर उंच हवी. दुसऱ्या वेळी ओपीडीतली उंच खुर्ची दिली गेली असेल तर खेपा तिथेच वाढू शकतात. सतराच्या जागी अकरा असावेत आणि घाईत एकाचा सात झाला असेल, हेही शक्य आहे. फॉर्मवर सतराच असेल, खुर्ची तीच असेल, तर आकडा ठेवा आणि “हा आकडा मूळ नोंदीशी ताडून पाहिला” असे लिहा. बाकीच्यांपेक्षा वेगळा दिसतो एवढ्याच कारणासाठी कुणाला वगळू नका.

आता सोडून गेलेल्या तिघांबद्दल. तुमच्या मसुद्यात ते एका ओळीत येतात आणि संपतात. शीटप्रमाणे त्यांच्या सुरुवातीच्या खेपा ४, ५ आणि ६ होत्या. म्हणजे तिघेही कमजोर टोकाचे. आता तुमच्या तक्ता क्रमांक दोनकडे बघा: तिथे ‘आधी’ची सरासरी बारा जणांची आहे, ७.६, आणि ‘नंतर’ची नऊ जणांची, १०.६. वाचणारा वजाबाकी करतो आणि ३ खेपांची वाढ म्हणतो. खरे तर त्याच नऊ जणांमध्ये वाढ २.१ आहे, कारण त्यांची आधीची सरासरी ८.४ होती. उरलेली जवळपास एक खेप कुणाच्याही गुडघ्यात वाढलेली नाही. कमजोर माणसे मोजणीतून बाहेर गेली एवढेच झाले. हा दोष लहान अभ्यासांत फार वेळा दिसतो आणि तो ओळखायची खूण सोपी आहे: दोन्ही रकान्यांच्या डोक्यावर लिहिलेली संख्या वेगळी असते. तुमचा तक्ता बदला. सुरुवातीचे वर्णन बारा जणांचे द्या, त्याखाली ‘पूर्ण केलेले नऊ’ आणि ‘सोडलेले तीन’ वेगळे दाखवा आणि बदल फक्त नऊ जणांचा द्या. तिघांच्या रिकाम्या जागी त्यांचाच जुना आकडा भरायचा मोह टाळा. तसे केले की त्यांच्यात काहीच बदल झाला नाही असे आपण गृहीत धरतो, आणि ते आपल्याला माहीत नाही.

तिघे का गेले हे तुम्ही टिपून ठेवले आहे, याचा मला मनापासून आनंद झाला. एकजण सुगीसाठी गावी गेले, एका मावशींचा फोन मुलाकडे असायचा आणि तो कामावर जायचा, तिसऱ्यांनी कारण सांगितले नाही. फोनवरच्या पाठपुराव्याचा अभ्यास आहे आणि फोन रुग्णाच्या हातात नसतो! मोठ्या अभ्यासाची आखणी बदलायला लावणारी तुमच्या हाती आलेली सर्वांत मोलाची माहिती हीच आहे. ती ‘लॉस टू फॉलो-अप’ या दोन शब्दांखाली गाडू नका. निकालात पूर्ण वाक्यात लिहा.

फोनचा हिशेब करताना मात्र जपा. बारा रुग्ण आणि सहा आठवडे, म्हणून ७२ फोन ठरले होते, त्यातले ५३ लागले. ‘७२ पैकी ५३’ हे लिहायला हरकत नाही, पण ७२ ही तुमच्या नमुन्याची संख्या नाही. नऊ जणांचे ५४ पैकी ४७ लागले आणि तिघांचे १८ पैकी ६. फोन लागणे न लागणे माणसागणिक ठरते, एकाच माणसाचे सहा फोन म्हणजे सहा वेगळी माणसे नव्हेत. त्यामुळे हे दोन आकडे वेगळे दाखवा आणि ७२ वर टक्केवारी काढून त्यावर अनुमान बांधू नका.

टक्केवारीबद्दल एकूणच हात आखडता घ्या. “७७.८ टक्के रुग्णांमध्ये वाढ” असे तुम्ही लिहिले आहे. नऊ जणांत एक माणूस म्हणजे ११ टक्के; दशांशानंतरचा आकडा तिथे नसलेली अचूकता दाखवतो. “नऊपैकी सात” लिहा.

एका ठिकाणी मात्र मी तुम्हाला कॉन्फिडन्स इंटरव्हल द्यायला सांगेन. तुमच्या प्रोटोकॉलमध्ये लिहिले आहे की ७० टक्के रुग्णांनी अभ्यास पूर्ण केला तर मोठा अभ्यास करायचा. हे आधी ठरवलेले आहे, तेव्हा त्याचे उत्तर द्यायलाच हवे. बारापैकी नऊ म्हणजे ७५ टक्के, अट पूर्ण झाली. पण बारा जणांवरून हे प्रमाण किती नेमके कळते? आर मध्ये दोन ओळी पुरतात:

```r
binom.test(9, 12)$conf.int
binom.test(0, 9)$conf.int
```

पहिल्या ओळीचे उत्तर सुमारे ४३ ते ९५ टक्के येते. म्हणजे मोठ्या अभ्यासात निम्म्याहून कमी लोक टिकले किंवा जवळपास सगळे टिकले, तरी तुमच्या आकड्यांशी दोन्ही जुळते. इथे हा इंटरव्हल कुणाला हरवण्या-जिंकण्यासाठी नाही, आपल्याला किती कमी कळले हे दाखवण्यासाठी आहे, म्हणून वर्णनात्मक विभागात तो शोभतो. बदलाच्या सरासरीभोवती मात्र तो देऊ नका. कॉन्सॉर्टची हरकत नसते, पण तुमच्या बाबतीत तुलनेचा गट नाही आणि तो एका माणसावर झुलतो आहे. वाचणारा लगेच बघणार की त्यात शून्य येते का, आणि पी व्हॅल्यू मागच्या दाराने परत आली.

दुसरी ओळ सुरक्षिततेची आहे. “व्यायाम पूर्णपणे सुरक्षित आढळले, एकाही रुग्णाला गंभीर त्रास नाही” हे तुमचे वाक्य बदलावेच लागेल. तिघे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात गेले, पुढे त्यांना काय झाले ठाऊक नाही. सहा आठवडे पूर्ण पाहिलेले नऊच, म्हणून नऊपैकी शून्य. त्याचा इंटरव्हल ० ते सुमारे ३४ टक्के. तिघांमागे एकाला त्रास होणारा व्यायामसुद्धा योगायोगाने नऊ जणांत एकदाही त्रास न देता जाऊ शकतो. सुरक्षित म्हणायला हा पाया फारच अरुंद आहे.

आता ‘काय सिद्ध होत नाही’ या भागाकडे येते. तुम्हाला वाटते आहे की याने अभ्यास वाया गेलेला दिसेल. तसा तो दिसतो, पण केव्हा? “नमुना लहान असल्याने निष्कर्ष सामान्यीकृत करता येत नाहीत” असे कुणाच्याही प्रबंधात चिकटवता येईल असे वाक्य टाकले तर. प्रत्येक वाक्यात तीन गोष्टी हव्यात: कुठला दावा करता येत नाही, कशामुळे, आणि तुमच्याच अभ्यासातली कुठली गोष्ट ते दाखवते.

सर्वांत मोठा दावा म्हणजे व्यायामामुळे फरक पडला. तो करता येत नाही आणि त्याला नमुन्याचा आकार हे मुख्य कारणच नाही. नऊशे रुग्ण असते तरी तुलनेच्या गटाशिवाय हाच प्रश्न राहिला असता. गुडघा फार दुखतो तेव्हाच माणूस ओपीडीत येतो. तुम्ही त्याला त्याच्या वाईट आठवड्यात मोजले. सहा आठवड्यांनी काहीही न करता तो थोडा बरा असणार. फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८८६ मध्ये आईवडील आणि मुलांच्या उंचीवरून दाखवलेले सरासरीकडे परतणे ते हेच. शिवाय दुसऱ्यांदा चाचणी देताना माणसाला कसे उठायचे ते माहीत झालेले असते. कुणी मधल्या काळात वेदनाशामक गोळ्या सुरू केल्या का, हे तुम्ही विचारलेले नाही. आणि व्यायाम शिकवणाऱ्या तुम्हीच, खेपा मोजणाऱ्याही तुम्हीच. शेवटची अर्धी खेप धरायची की नाही हे तुमच्या नजरेवर होते, आणि दोघांची वाढ नेमकी एका खेपेची आहे. मोठ्या अभ्यासात मोजणारी व्यक्ती वेगळी ठेवायची हे इथेच ठरते.

दुसरी बाजूही तितकीच बंद आहे, आणि ती लोक विसरतात. व्यायामाचा उपयोग होत नाही, असेही या अभ्यासातून म्हणता येत नाही. टी-टेस्टच्या ०.०६ वर “फरक आढळला नाही” लिहिले असते तर ते “फरक आढळला” इतकेच चुकीचे झाले असते. “सिग्निफिकन्सच्या जवळ जाणारा कल” हा शब्दप्रयोगही नको.

तिसरा दावा थोडा लपलेला असतो. तुमच्या शेवटच्या परिच्छेदात “या अभ्यासाच्या एसडीवरून पुढील नमुना संख्या काढता येईल” असे आहे. २.८ ही एसडी नऊ जणांवरून काढलेली आहे. बदल बऱ्यापैकी घंटाकृती विखुरलेले आहेत असे मानले तरी खरी एसडी साधारण १.९ ते ५.५ मध्ये कुठेही असू शकते. नमुना संख्या एसडीच्या वर्गाबरोबर वाढते, म्हणजे या दोन टोकांमधून निघणाऱ्या नमुना संख्यांत सुमारे आठ पटींचा फरक पडतो. एका टोकाने पन्नास रुग्ण पुरतील असे आले तर दुसऱ्या टोकाने चारशे लागतील. ‘सरासरी बदल २.१’ हा परिणाम धरून पॉवर काढणे तर त्याहून धोक्याचे. पुढच्या अभ्यासासाठी एसडी आधीच्या मोठ्या अभ्यासांतून घ्या आणि किती खेपांचा फरक रुग्णाच्या रोजच्या जगण्यात जाणवतो हे फिजिओथेरपिस्ट म्हणून तुम्ही ठरवा. तो प्रश्न सांख्यिकीचा नाहीच.

आता प्रत्यक्ष मजकूर. मी मराठीत मसुदा देते, तो तुमच्या प्रबंधाच्या भाषेत उतरवून घ्या. पण शब्द सैल करू नका.

सांख्यिकी पद्धतीच्या विभागात:

> “हा तुलनेचा गट नसलेला पायलट अभ्यास असून त्याचा उद्देश फोनवरील पाठपुरावा राबवता येतो का हे पाहणे हा होता. म्हणून परिणामकारकतेची कोणतीही सांख्यिकी चाचणी केलेली नाही आणि पी व्हॅल्यू दिलेल्या नाहीत. खुर्चीतून उठण्याच्या खेपा प्रत्येक रुग्णासाठी स्वतंत्र दिल्या असून सारांश म्हणून मीडियन व किमान-कमाल दिले आहेत. बदल फक्त दोन्ही मोजण्या उपलब्ध असलेल्या रुग्णांमध्ये काढला आहे. गहाळ मोजण्या भरलेल्या नाहीत. अभ्यास पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण आणि गंभीर त्रासाचे प्रमाण ९५ टक्के क्लॉपर-पिअरसन इंटरव्हलसह दिले आहे.”

निकालात:

> “बारा रुग्ण दाखल झाले, नऊ जणांनी सहा आठवडे पूर्ण केले (९५ टक्के इंटरव्हल ४३ ते ९५ टक्के). सोडलेल्या तिघांच्या सुरुवातीच्या खेपा ४, ५ व ६ होत्या; पूर्ण केलेल्या नऊ जणांचा सुरुवातीचा मीडियन ८ होता (५ ते १२). एक रुग्ण शेतीच्या कामासाठी गावी गेले, एका रुग्णाचा फोन घरच्या दुसऱ्या व्यक्तीकडे असायचा, एकाने कारण सांगितले नाही. नऊ जणांमधील बदलाचा मीडियन +२ खेपा (−१ ते +९). सात जणांच्या खेपा वाढल्या, एकाच्या तेवढ्याच राहिल्या, एकाची कमी झाली. +९ बदलाची नोंद मूळ फॉर्मशी ताडून पाहिली आहे. सहा आठवडे पाहिलेल्या नऊ जणांपैकी कुणालाही गंभीर त्रास झाल्याची नोंद नाही (इंटरव्हल ० ते ३४ टक्के). तिघांची नंतरची माहिती उपलब्ध नाही.”

मी “खेपा वाढल्या” लिहिले, “सुधारणा झाली” लिहिले नाही. सुधारणा म्हटले की कारणाचा वास येतो. फॉर्म तपासल्याचे वाक्य अर्थातच तपासल्यावरच ठेवा.

आणि मर्यादा:

> “या अभ्यासावरून व्यायामामुळे खेपा वाढल्या किंवा व्यायामाचा उपयोग झाला नाही, यापैकी काहीही म्हणता येत नाही: तुलनेचा गट नव्हता, रुग्ण वेदना जास्त असताना दाखल झाले, चाचणीचा सराव झाला असू शकतो, वेदनाशामकांची नोंद ठेवलेली नव्हती आणि मोजणी व्यायाम शिकवणाऱ्या व्यक्तीनेच केली. सुरुवातीला अधिक कमजोर असलेले तीन रुग्ण शेवटी मोजले गेले नाहीत, त्यामुळे नऊ जणांचे आकडे कमजोर रुग्णांना लागू करता येत नाहीत. पूर्ण करण्याचे निरीक्षित प्रमाण आधी ठरवलेल्या ७० टक्क्यांहून जास्त आहे, परंतु इंटरव्हल त्याच्या बराच खाली जातो. व्यायाम सुरक्षित आहेत असे यावरून ठरत नाही. बदलाची एसडी पुढील अभ्यासाची नमुना संख्या ठरवण्यासाठी वापरू नये.”

सीटीआरआयवर नोंदणी केली असेल तर तिथे मुख्य परिणाम म्हणून काय लिहिले होते ते काढून बघा. तिथे खुर्चीच्या खेपा मुख्य परिणाम म्हणून असतील आणि प्रबंधात तुम्ही ‘राबवता येते का’ पुढे आणले असेल, तर हा बदल आणि त्याचे कारण पद्धतीच्या विभागात एका वाक्यात सांगावे लागेल. वरच्या मसुद्यातले पहिले वाक्य मग तसे बदला.

एक्स्टर्नलनी विचारले, “मग निष्कर्ष काय?”, तर उत्तर तयार ठेवा: सहा आठवड्यांचा पाठपुरावा बारापैकी नऊ जणांमध्ये पूर्ण झाला, गळती कमजोर रुग्णांत झाली, निदान एकदा तरी कारण फोन घरच्या दुसऱ्याच्या हातात असणे हे होते, आणि म्हणून पुढच्या अभ्यासात दाखल करतानाच फोन कुणाकडे असतो ते विचारायचे, दुसरा नंबर घ्यायचा, सुगीचे आठवडे टाळायचे, वेदनाशामकांची नोंद ठेवायची, खुर्ची एकच वापरायची आणि खेपा मोजायला गट कुठला हे माहीत नसलेली व्यक्ती नेमायची.

सुधारलेला तक्ता क्रमांक दोन आणि सातव्या रुग्णाच्या फॉर्मवर काय सापडले ते मला कळवा. सतराचे अकरा निघाले तर बदलाचा मीडियन २ च राहील, पण सरासरी १.४ होईल आणि वरचे सगळे कमाल आकडे बदलतील, तेव्हा मजकूर पाठवण्याआधी पुन्हा एकदा सगळे मोजून घ्या.